नेत्रा तळवडेकरचा स्वच्छ नकार

मुलुंडच्या एका धर्मादाय रुग्णालयात नेत्रा तळवडेकर अकरा वर्षं खरेदी विभाग सांभाळत होती. दीडशे खाटांचं रुग्णालय. कापसापासून ऑक्सिजनपर्यंत आणि फिनेलपासून फायलींपर्यंत जे काही बाहेरून यायचं ते तिच्या टेबलावरून जायचं. अशा खुर्चीत बसणाऱ्या माणसाला होकार क्वचितच द्यावा लागतो. चार जण दारात येतात, काम एकाला मिळतं. उरलेल्या तिघांना काय सांगायचं आणि कसं सांगायचं, हा खरा कामाचा भाग. बहुतेक जण तो भाग टाळतात. नेत्रा टाळायची नाही. तिने ज्यांना काम नाकारलं होतं अशी माणसं रस्त्यात भेटली की थांबून तिच्याशी बोलायची, ही गोष्ट रुग्णालयात सगळ्यांना ठाऊक होती. का, ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

ते कळायला थोडं मागे जायला हवं. नेत्राचे वडील भिकाजी तळवडेकर सावंतवाडीकडचे. परळच्या गिरणीत होते. गिरणी गेल्यावर मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमनचं काम धरून त्यांनी दोन पोरींची शिक्षणं केली. नेत्रा बी.कॉम. झाली आणि तेविसाव्या वर्षी साकीनाक्याला काशीरामशेठच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात लागली. कारखाना म्हणजे एक लांबट गाळा, आठ कामगार आणि खोक्यांवर छपाई करणारं एक जुनं मशीन. नेत्रा नमुने घेऊन कंपन्या फिरायची. अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीतल्या खरेदी साहेबांना नमुने फार आवडले. "काम जवळजवळ तुमचंच समजा," ते म्हणाले, "फायनल झालं की कळवतो."

काशीरामशेठ साधा माणूस. त्यांनी साहेबांचा शब्द हाच होकार धरला आणि छपाईचं दुसरं मशीन आणलं. नेत्रा रोज फोनजवळ बसायची. आठवड्याने ती स्वतः फोन करायची, साहेब मीटिंगमध्ये असायचे. असे आठ महिने गेले. मग एका ट्रकवाल्याकडून कळलं की ते काम पहिल्याच आठवड्यात भिवंडीच्या कुणाला तरी देऊन झालं होतं. साहेब खोटं बोलायचं म्हणून बोलले नव्हते. समोरच्याला वाईट वाटू नये आणि उद्या गरज लागली तर माणूस हाताशी असावा, एवढंच त्यांच्या मनात असणार. पुढच्या वर्षी काशीरामशेठनी गाळा रिकामा केला. नवं मशीन टेम्पोत चढवताना ते नेत्राला म्हणाले, "नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं गं. एका दिवसाचं दुःख होतं."

हे वाक्य नेत्राने कुठे लिहून ठेवलं नाही. पण पुढे ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आली, तेव्हा "कळवतो" हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नाही. कळवायचं असेल तर ती तारीख सांगायची, आणि त्या तारखेला कळवायची.

आता दिपेशची गोष्ट. त्या वर्षी रुग्णालयातले कपडे धुण्याचं दोन वर्षांचं कंत्राट संपत आलं होतं. चादरी, रुग्णांचे गाऊन, शस्त्रक्रियेच्या खोलीतले हिरवे कपडे, पडदे, सगळं मिळून रोजचं पाचशे किलोच्या आसपास. तिघांकडून प्रस्ताव आले. त्यातला एक दिपेश नाखवाचा. दिपेश ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातला. घरची बोट होती, ती वडील थकल्यावर विकली. मासळीच्या धंद्यात न जाता त्याने साकीनाक्याला गाळा घेऊन हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुवायला सुरुवात केली होती. वय चौतीस. प्रस्ताव द्यायला स्वतः आला होता. कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेले, नमुन्यादाखल धुतलेली एक चादर कडक इस्त्री करून घडी घातलेली.

प्रस्ताव दोन पाकिटांत मागवले होते. पहिल्या पाकिटात जागा, यंत्रं, पद्धत, अनुभव. दुसऱ्यात दर. पहिल्या पाकिटाची तपासणी आणि जागेची पाहणी यांत शंभरातले सत्तर गुण मिळाले, तरच दुसरं पाकीट उघडायचं, असा नियम. तो सगळ्यांना आधी लेखी कळवलेला होता.

पाहणीला नेत्राबरोबर नीला सिस्टर होत्या. रुग्णालयात संसर्ग पसरू नये हे बघणं त्यांचं काम. साकीनाक्याच्या त्या गल्लीत एका बाजूला वेल्डिंग, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचे साचे, आणि मध्ये दिपेशचा गाळा. आत गेल्यावर दोघीही थबकल्या, कारण जागा आरशासारखी होती. कामगार बायका चादरीचा लहानसा फाटका कोपरासुद्धा टाके घालून पुढे सरकवत होत्या. हॉटेलच्या मालाची मोजणी वहीत एक नगाने चुकलेली नव्हती.

पण नीला सिस्टर पुन्हा दाराशी येऊन बघत होत्या. गाळ्याला एकच दार. मळका माल त्याच दाराने आत यायचा, धुतलेला त्याच दाराने बाहेर जायचा, आणि मध्ये दोन्हींच्या ट्रॉल्या एकमेकींना घासून जायच्या. टेम्पोही एकच.

"पाण्याचं तापमान किती ठेवता?" सिस्टरनी विचारलं.

"गरमच असतं सिस्टर. एकदम कडक," दिपेश म्हणाला.

"एकाहत्तर अंश, किमान तीन मिनिटं. त्याची नोंद कुठे ठेवता?"

नोंद नव्हती. हॉटेलवाल्यांनी ती कधी मागितली नव्हती.

निघताना दिपेश गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. "मॅडम, माझी एकच अडचण आहे, इस्त्रीचं मोठं मशीन नाही. बँकेने कर्ज मंजूर केलंय. तुमचं काम मिळालं की लगेच उचलतो. दिवसाला दुप्पट माल काढून दाखवतो."

नेत्राने मान डोलावली नाही. ती म्हणाली, "दिपेश, अठरा तारखेला निकाल कळवेन. तोपर्यंत या कामाच्या भरवशावर काही घेऊ नका."

खरेदी समितीने गुण दिले. दिपेशला एकसष्ट पडले. त्याचं दराचं पाकीट बंदच राहिलं. उरलेल्या दोघांतून दुसऱ्या एका लाँड्रीला काम द्यायचं ठरलं.

प्रशासक सुयोग तोंडवळकर नेत्राहून सहा वर्षांनी लहान, हुशार आणि सतत घाईत असलेला माणूस. फाइलवर सही करता करता तो म्हणाला, "नेत्राताई, त्या साकीनाकावाल्याला एकदम नको तोडू. पोरगा चांगला आहे. बघू म्हण, होल्डवर आहे म्हण. उद्या नवीन कंत्राटदाराने नखरे केले तर दाखवायला एक हाताशी असू दे ना."

"हाताशी असावा असं मलाही वाटतं," नेत्रा म्हणाली. "म्हणूनच बघू नाही म्हणणार."

"म्हणजे?"

"तो कर्ज काढून इस्त्रीचं मशीन घ्यायला निघालाय, फक्त आपल्या शब्दाची वाट बघतोय. आपल्याला इस्त्री कमी पडलेली नाही, त्याचं एक दार कमी पडलंय. आपण बघू म्हटलं तर तो चुकीचं मशीन घेईल, आणि मग आपल्याला लागेल तेव्हा तो बाजारात असेल की नाही देव जाणे."

सुयोगने सही पुरी केली. "ओके. पण पत्रात जास्त काही लिहू नकोस. एक ओळ पुरते. उगाच उद्या भांडायला येईल."

"कारणं त्याची त्याला लिहिणार. दुसऱ्यांबद्दल एक अक्षर नाही. मसुदा तुला दाखवते," ती म्हणाली.

घरी ती हे फारसं बोलत नसे, पण त्या संध्याकाळी जेवताना वडिलांना सांगितलं. भिकाजी आता ऐंशीच्या पुढे, कानांनी थोडे कमी, डोक्याने तल्लख. गावची बोली त्यांनी मुलुंडमध्ये चाळीस वर्षं राहूनही सोडली नव्हती. सगळं ऐकून ते म्हणाले, "आधी तोंडार सांग. कागद मगे धाड." आणि भाताकडे वळले.

अठरा तारखेला सकाळी साडेदहाला नेत्राने दिपेशला फोन लावला. हालहवाल विचारण्यात वेळ काढला नाही, कारण फोन का आला ते दोघांनाही माहीत होतं.

"दिपेश, नेत्रा तळवडेकर. लाँड्रीचं काम या वेळी आम्ही तुम्हाला देत नाही आहोत. हे तुम्ही पत्रातून वाचण्याआधी मी सांगावं म्हणून फोन केला."

पलीकडे मशीनची घरघर ऐकू येत होती. मग ती लांब गेली, तो गाळ्याबाहेर आला असावा.

"मॅडम, रेटचं असेल तर सांगा ना. किलोमागे दोन रुपये सोडतो. तीन सोडतो."

"रेट सोडू नका. तुमचा रेट आम्ही पाहिलेलाच नाही. पाकीट बंद आहे, तसंच परत पाठवते आहे."

"पाहिलाच नाही?" त्याचा आवाज चढला. "मग कशाला बोलावलं मॅडम? वशिल्याचा कोणी होता तर सरळ सांगायचं. दोन आठवडे मी झोपलो नाही यार, सॉरी, पण खरंच."

नेत्राने त्याला बोलू दिलं. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "सत्तर गुण लागतात, ते आधीच्या पत्रात होतं. तुम्हाला एकसष्ट मिळाले. नऊ कुठे कमी पडले ते सांगते, लिहून घेता का?"

दिपेशचा आवाज खाली आला. मग, "थांबा, पेन घेतो."

तिने तीन गोष्टी सांगितल्या. मळका आणि धुतलेला माल यांचे रस्ते वेगळे हवेत, मध्ये पूर्ण भिंत हवी. ने-आण करताना दोन्ही एकत्र येता कामा नयेत. आणि धुण्याच्या प्रत्येक फेरीला तापमानाची नोंद हवी. मग हेही सांगितलं की मोजणी, शिलाई आणि इस्त्री यांत त्याला पूर्ण गुण पडले आहेत, त्यात काही बदलायची गरज नाही.

"दोन महिन्यांत सगळं करून देतो मॅडम."

"काम एक तारखेपासून सुरू होतंय. आज जे आहे त्यावरच गुण देता येतात."

"मग दोन वर्षांनी तरी नक्की ना?"

इथे कुणीही "हो हो, नक्की" म्हणून फोन ठेवला असता. नेत्रा म्हणाली, "काम नक्की नाही. विचारणा नक्की. कंत्राट संपायच्या तीन महिने आधी तुम्हाला पत्र येईल, हे मी लिहून देते. पुढचं त्या वेळच्या गुणांवर. आणि दिपेश, ते इस्त्रीचं मशीन आमच्यासाठी घेणार असाल तर घेऊ नका."

तो "ठीक आहे मॅडम" म्हणाला, पण आवाजात ठीक काही नव्हतं. फोन ठेवल्यावर नेत्राने पत्राचा मसुदा पुढे ओढला. अकरा वर्षांत नकाराची सवय झाली नव्हती. 

दुपारी मेल गेला. रुग्णालयाचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालायचा, पण तिने खाली मराठीतही लिहिलं:

"आपला प्रस्ताव या वेळी आम्ही स्वीकारू शकत नाही. हा निर्णय अंतिम आहे, तेव्हा या कामासाठी कृपया यंत्रं, माणसं वा माल राखून ठेवू नये. निर्णयाची कारणं सोबत जोडली आहेत. आपल्या कामातली मोजणीची अचूकता आणि कपड्यांची निगा समितीला विशेष आवडली. आपलं नाव आमच्या पुरवठादारांच्या यादीत राहील आणि पुढील विचारणा कंत्राट संपायच्या तीन महिने आधी आपल्याला पाठवली जाईल. तोपर्यंत जागेत काही बदल केलेत आणि ते आम्ही पाहावेत असं वाटलं, तर कळवावं. पाहणीला येऊ. पाहणी म्हणजे कामाचं आश्वासन नव्हे."

मेल जाण्याआधी सुयोगने शेवटचं वाक्य वाचून विचारलं होतं, "हे जरा कडक नाही वाटत?"

"वाटतं. पण ते काढलं तर बाकीचं खोटं होतं," ती म्हणाली. त्याने मसुदा तसाच जाऊ दिला होता.

दिपेशचं उत्तर आलं नाही. एक महिना, दोन महिने. नेत्राने मानून घेतलं की माणूस दुखावला. तसे दोन-चार जण दुखावलेलेच राहिले होते इतक्या वर्षांत, सगळेच थांबून बोलणारे नव्हते. दिवाळीत मात्र रिसेप्शनवर तिच्या नावाने एक डबा आला. वर दिपेशची चिठ्ठी, "कोलंबीचं लोणचं. आईने केलंय." नेत्राला कोलंबीचं लोणचं जीव की प्राण. तिने डबा न उघडता परत पाठवला आणि फोन करून सांगितलं, "आईंना म्हणावं, राग मानू नका. मी घेतलं तर उद्या तुमची पाहणी मला करता येणार नाही." पलीकडे दिपेश पहिल्यांदाच हसला. "मला वाटलंच होतं मॅडम. तरी आई म्हणाली, पाठवून बघ." आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणाला, "भिंत घातली. कधी वेळ झाला तर बघायला या."

त्याने इस्त्रीचं मशीन घेतलं नव्हतं. बँकेशी बोलून त्याच पैशांत मागची भिंत फोडून मागच्या गल्लीत दुसरं दार काढलं होतं, मध्ये छतापर्यंत भिंत आणि त्या भिंतीत बसवलेलं धुण्याचं दोन तोंडांचं मशीन. मळका माल एका बाजूने आत टाकायचा, धुतलेला पलीकडच्या खोलीत निघायचा. घाटकोपरच्या दोन छोट्या नर्सिंग होमनी एवढ्यावर त्याला काम दिलंही होतं. नीला सिस्टर आणि नेत्रा जानेवारीत जाऊन आल्या. सिस्टरनी तापमानाची वही पानापानाने पाहिली, दोन सूचना लिहिल्या, आणि अहवाल फाइलला लागला. काम काही नव्हतं. दिपेशने विचारलंही नाही.

मार्चमध्ये चालू लाँड्रीचा बॉयलर फुटला. माणसं वाचली, पण कारखाना दहा दिवस बंद. रुग्णालयात दीड दिवसाच्या चादरी शिल्लक. सुयोग घामाघूम होऊन तिच्या टेबलाशी आला तेव्हा नेत्राने फाइल काढून ठेवलेलीच होती. शस्त्रक्रियेसाठी एकदाच वापरून टाकायचे कपडे मागवले होते. वॉर्डातल्या चादरी आणि गाऊन यांच्यासाठी जानेवारीचा अहवाल समोर होता, आणि सिस्टरनी त्यावर लेखी संमती दिली होती. तातडीच्या खरेदीसाठी सुयोगची सही हवी होती, दहा दिवसांपुरती, चालू कंत्राटाच्याच दराने.

"येईल तो?" सुयोगने विचारलं. "आपण नाही म्हटलंय त्याला."

"विचारते. नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क."

दिपेशने दोनच गोष्टी विचारल्या. रोज किती किलो, आणि पहिला माल कुठल्या दाराने उचलायचा. मग म्हणाला, "मॅडम, हॉटेलांचा माल चार दिवस मागे ढकलावा लागेल. मी त्यांना आत्ताच सांगतो, तुम्ही तासाभरात ऑर्डर मेल करा." त्याने भाव वाढवला नाही. दोन टेम्पो आले, मळक्या मालाला एक आणि धुतलेल्याला दुसरा, दुसरा त्याने ट्रॉम्बेच्या मित्राचा भाड्याने आणला होता, आत नवं प्लास्टिक अंथरून. दहा दिवसांत एकाही वॉर्डातून तक्रार आली नाही. अकराव्या दिवशी नेत्राने त्याला फोन करून काम संपल्याचं सांगितलं, आणि ते मूळ कंत्राटदाराकडे परत जातंय हेही. त्यालाही ते तसंच अपेक्षित होतं.

सुयोग त्या दिवशी कँटीनमध्ये तिच्यासमोर चहा घेऊन बसला. साखर ढवळली. मग म्हणाला, "मी होल्डवर ठेवला असता तर त्याने फोन उचलला नसता, ना?"

"उचलला असता," नेत्रा म्हणाली. "पण गाळ्यात इस्त्रीचं मशीन असतं आणि भिंत नसती."

कंत्राट संपायला चार महिने असताना नेत्राला बोरिवलीच्या एका मोठ्या रुग्णालयाने बोलावलं. तिने जायचं ठरवलं. जाण्याआधीच्या आठवड्यात तिने आपल्या जागी आलेल्या प्रांजलला एकेक फाइल उघडून दाखवली. लाँड्रीच्या फाइलीवर तारीख लिहून ठेवली होती. "या तारखेला यांना विचारणा जायलाच हवी. आपण लेखी दिलंय. काम द्यायचं की नाही ते तुमचे गुण ठरवतील, माझं मत विचारू नका."

प्रांजलने विचारणा वेळेवर पाठवली. दिपेशला त्र्याऐंशी गुण पडले, पाकीट उघडलं गेलं. त्याचा दर सगळ्यांत कमी नव्हता. मुख्य इमारतीचं काम जुन्याच लाँड्रीकडे राहिलं. पण निविदेत डायलिसिसच्या नव्या इमारतीचे कपडे वेगळे धरलेले होते, आणि ते काम त्याला मिळालं.

निकाल लागला त्या दुपारी त्याने बोरिवलीला फोन केला. "मॅडम, तुम्ही असता तर मेन बिल्डिंग पण आली असती."

"नसती आली," नेत्रा म्हणाली. "पण अभिनंदन. मनापासून. आता आईंना सांगा, मी त्या रुग्णालयात नाही, आणि आमच्या इथे कपडे रुग्णालयातच धुतले जातात. कोलंबीचं लोणचं पाठवलंत तरी चालेल."

पुढच्या रविवारी दिपेशची आई स्वतःच मुलुंडला आली, डबा घेऊन. भिकाजींनी दार उघडलं, आणि ट्रॉम्बेची म्हातारी आणि सावंतवाडीचा म्हातारा यांची कोलंबीत आमसूल घालावं की चिंच, यावर दुपारभर जुंपली. नेत्रा आतून चहा घेऊन आली तेव्हा डब्यातलं अर्धं लोणचं संपलं होतं.